पगार आणि पदाबद्दल सरांशी स्वतंत्र बोलायचं आहे, मेल कसा लिहू?

प्रश्न : रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात क्यूसी एक्झिक्युटिव्ह आहे, चार वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरला आमचे सिनिअर सोडून गेले, तेव्हापासून त्यांचंही काम मीच बघते. ग्रॉस २०,५००, पीएफ आणि ईएसआय कापून हातात १८,६००च्या आसपास. सीझन आत्ताच संपला. प्लांटच्या सरांशी पगार आणि पद दोन्हींवर एकट्यात बोलायचं आहे. मेल लिहिते आणि खोडते. सर आमच्याच पंचक्रोशीतले, घरच्यांच्या ओळखीचे. त्यांना वाईट वाटू नये आणि काम तर व्हावं. आकडा लिहू का? ‘पगार’ हा शब्द तरी लिहू का?

उत्तर : आकडा लिहू नका. ‘पगार’ हा शब्द मात्र लिहा.

या मेलचं काम एकच आहे. सरांनी दार लावून तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटं द्यावीत आणि बसताना कशावर बोलायचं आहे ते त्यांना माहीत असावं. तुमच्यासारख्या कारखान्यात प्लांटचे सर पगार स्वतः ठरवत नाहीत. ते शिफारस करतात, होकार शेठचा लागतो आणि शेठ बहुतेक वेळा मुंबईत असतात. त्यामुळे तुमचा मेल सरांकडून पुढे जाईल हे धरूनच लिहायचा. त्यात आकडा असेल तर सर तो तसाच पुढे ढकलतात, शेठ दोन ओळींत उत्तर देतात आणि तुमच्या पगाराचा निर्णय तुम्ही खोलीत नसताना होऊन जातो. शिवाय लिहिलेला आकडा हीच वरची हद्द ठरते, बोलणं तिथून खालीच येतं.

उलट पगाराचा उल्लेखच टाळून ‘थोडं महत्त्वाचं बोलायचं होतं’ एवढंच लिहिलंत, तर सरांच्या मनात पहिली शंका येते ती राजीनाम्याची. सिनिअर गेल्याच सप्टेंबरला सोडून गेलेले असताना तर नक्कीच. मग ते मेलला उत्तर देण्याऐवजी लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर विचारतात, ‘काय गं, काय झालं?’ नाही तर भेटीला रिकाम्या हाताने बसतात, ‘बघू, शेठशी बोलतो’ म्हणतात आणि भेट तिथेच संपते.

खोडलेले मसुदे

असे मसुदे दोनच दिशांनी बिघडतात. एक अर्जाच्या दिशेने. ‘मी आपल्या कंपनीत गेली चार वर्षे प्रामाणिकपणे सेवा करीत असून वाढत्या महागाईचा विचार करता माझ्या वेतनवाढीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ शाळेत शिकलेला हा साचा बोटांत बसलेला असतो. त्यात उद्धट काही नाही, पण अर्जाला मंजूर किंवा नामंजूर एवढीच दोन उत्तरं असतात आणि तुम्हाला तर बोलायचं आहे. महागाई आणि सहानुभूती आली की विषय तुमच्या घरखर्चाचा होतो. घरखर्च सगळ्यांचाच वाढलेला आहे, पॅकिंगच्या बायकांचाही. सरांकडे त्यावर देण्यासारखं उत्तर नसतं.

दुसरी दिशा तक्रारीची. ‘सिनिअर गेल्यापासून दोन माणसांचं काम मी एकटी करतेय, सीझनमध्ये रात्री दहा-दहापर्यंत थांबले, तरी कुणी दखल घेतली नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण सीझनमध्ये सगळेच थांबतात. सर तर रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांचा माल उतरेपर्यंत थांबलेले असतात. हे वाचून त्यांना आपण किती थांबलो ते आठवतं आणि ‘दखल घेतली नाही’ यात बोट आपल्याकडे आहे हेही कळतं. ओळखीच्या माणसाला लागतं ते हेच. पगार मागितल्याने कुणाला वाईट वाटत नाही.

दोन्ही मसुद्यांत एकच गोष्ट राहून जाते : काम किती वाढलं हे येतं, कामाची जात कशी बदलली हे येत नाही. काम वाढलं एवढंच सांगितलंत तर त्यावरचा स्वाभाविक उपाय एक मदतनीस देणं हा आहे. बारा हजारांवर एक केमिस्ट येईल आणि तुमचा प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतील. पद आणि पगार वाढतात ते निर्णय आणि जोखीम तुमच्याकडे आली म्हणून. मेलमध्ये तेच लिहायचं.

तुमच्याकडे नेमकं काय आलं ते शोधा

यासाठी लॅबचं रजिस्टर घेऊन अर्धा तास बसा. ब्रिक्स मोजणं, आम्लता काढणं, पीएच नोंदवणं ही कामं तुम्ही आधीही करत होता. ती आता दुप्पट वेळा करत असाल तरी मेलमध्ये नकोत. सप्टेंबरआधी ज्या कागदावर सिनिअरची सही असायची आणि आता तुमची असते, असे कागद शोधा. बॅच रिलीज, ग्राहकाला जाणारं विश्लेषण प्रमाणपत्र म्हणजे सीओए, उपकरणांच्या कॅलिब्रेशनची नोंद, होल्ड रजिस्टर. सीओएवरची सही म्हणजे पुढे कंटेनर नाकारला गेला तर पहिला फोन तुम्हाला येणार. याला कुणीही ‘थोडं जास्तीचं काम’ म्हणू शकत नाही.

त्यातली एखादी घटना एका पानावर नीट उतरवा. समजा, मे महिन्यात एका दुपारी ३.१ किलोच्या डब्यांच्या लाइनवर सीमचा ओव्हरलॅप कमी आला. तुम्ही लाइन थांबवायला सांगितली, आधीच्या तपासणीपासून तोवर भरलेले सगळे डबे होल्डवर टाकले, सीमरचा रोल सेट झाल्यावर नवे नमुने कापून बघितले, सदोष डबे वेगळे काढले, बाकीच्यांचे नमुने ३७ अंशांवर इन्क्युबेशनला ठेवले आणि फुगवटा नाही हे बघून रिलीजवर सही केली. एवढं लिहायला पाच ओळी पुरतात : तारीख, बॅच नंबर, काय दिसलं, काय ठरवलं, शेवट काय झाला. मालाचे किती पैसे वाचवले हे स्वतः लावायला जाऊ नका. तो हिशेब सर तुमच्यापेक्षा लवकर करतात, आणि तुम्ही लावलेला आकडा चुकला तर सगळं बोलणं त्यावरच अडकतं.

असे दोन-तीन प्रसंग पुरेत. हे पान मेलला जोडायचं नाही, भेटीत न्यायचं. मेलमध्ये फक्त त्याची एक-एक ओळ.

कुठून, कुठे, कधी

लॅबचा जो सामायिक मेल आयडी असतो, ज्याचा पासवर्ड तिघांना माहीत असतो आणि जो लॅबच्या कॉम्प्युटरवर कायम उघडा असतो, त्यावरून हा मेल पाठवू नका. तिथल्या ‘सेंट’मध्ये तो पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी सीओए शोधणाऱ्या ट्रेनीला सापडतो. तुमच्या नावाचा कंपनीचा आयडी असेल तर तो, नसेल तर वैयक्तिक. सरांचा मेलही कधी कधी अकाउंट्समधलं कुणी उघडून प्रिंट काढून देतं. तसं असेल तर सरांच्या ज्या आयडीवर फक्त तेच बघतात त्यावर पाठवा. सीसीमध्ये कुणीही नको, एचआरसुद्धा नको. पहिल्याच मेलला एचआर सीसीत दिसलं की सर सावध होतात आणि उत्तर सरकारी भाषेत येतं.

विषयाच्या ओळीतही ‘पगार’ टाकू नका. कारण संकोच नाही. सरांचा लॅपटॉप उत्पादनाच्या मीटिंगमध्ये पडद्याला जोडलेला असतो आणि कोपऱ्यात येणारी सूचना विषयाची ओळ सगळ्यांना दाखवते. काही ठिकाणी तर मजकुराची पहिली ओळही दिसते, म्हणून खालच्या नमुन्यात पहिलं वाक्यही साधं ठेवलं आहे.

वेळेबाबत तुम्ही नशीबवान आहात. फळप्रक्रियेत हे बोलणं वर्षातून दोनदाच नीट होतं. एक जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे एप्रिलपासूनचे पगार ठरायच्या आधी. तेव्हा मोहोर आणि फळधारणा बघून शेठ पुढच्या सीझनचा अंदाज बांधत असतात. पीक बरं दिसत असेल तर हात सैल असतो, नसेल तर तेही लगेच समजतं. दुसरी संधी आत्ताची, पावसाळ्याच्या सुरुवातीची. कॅनिंगच्या मालाचा हिशेब झालेला असतो, लाइन धुऊन बंद असते, सरांकडे बसून बोलायला वेळ असतो आणि तुम्ही सीझन कसा काढलात हे अजून ताजं असतं. मे महिन्यात मात्र हा मेल वाचलाही जात नाही. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळीचे बोनस निघतात तो काळही टाळा. पहिल्यात अर्धा कारखाना सुट्टीच्या मूडमध्ये असतो, दुसऱ्यात शेठ फक्त जाणारे पैसे बघत असतात.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळची मीटिंग उरकल्यावर, अकराच्या सुमारास पाठवा. रात्री साडेअकराला पाठवलेला मेल कितीही शांत शब्दांत असला तरी रागात लिहिल्यासारखा वाटतो.

मेल

तुम्ही सांगितलंय त्यावरून तो साधारण असा होईल. तारखा आणि प्रसंग तुमचे घाला.

> विषय : कामाच्या जबाबदाऱ्यांबाबत स्वतंत्र भेट, २५ मिनिटं
>
> नमस्कार सर,
>
> पुढच्या वर्षातल्या माझ्या कामाबद्दल तुमच्याशी स्वतंत्रपणे बोलायचं आहे. जबाबदाऱ्या, पद आणि पगार या तिन्हींवर बोलता यावं, म्हणून साधारण २५ मिनिटं वेळ मिळावा.
>
> गेल्या सप्टेंबरपासून लॅबमध्ये तीन गोष्टी माझ्याकडे आल्या आहेत. बॅच रिलीज आणि सीओएवर मी सही करते. होल्डवर टाकलेल्या मालाचा निर्णय उत्पादन विभागाशी बोलून मी घेते. मार्चच्या ग्राहक-ऑडिटमध्ये लॅबची बाजू मी मांडली. ही कामं मला जमली आहेत आणि पुढेही करायची आहेत. माझं पद आणि पगार मात्र त्याआधीच्या कामाप्रमाणेच आहेत. या भूमिकेकडे तुम्ही कसं बघता आणि तिला धरून पद व पगार कसे असावेत, हे तुमच्याशी बोलून समजून घ्यायचं आहे.
>
> बुधवार ८ जुलै किंवा गुरुवार ९ जुलै, दुपारी साडेतीननंतर जमेल का? कॉन्फरन्स रूम मोकळी असेल तर तिथे बसता येईल. या कामांची एक पानाची नोंद मी घेऊन येते.
>
> भेट होईपर्यंत हा विषय आपल्यातच राहावा, ही विनंती.
>
> आपली,
> (नाव, विभाग)

तुमच्याकडे कार्यालयीन पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत लिहा, पण तेवढाच ठेवा. इंग्रजीत गेलं की माणसं उगाच दोन परिच्छेद आभाराचे घालतात.

आता काही शब्द मुद्दाम तसे का आहेत ते. ‘माझ्याकडे आल्या आहेत’ असं लिहिलंय, ‘माझ्यावर टाकल्या’ असं नाही. टाकल्या म्हटलं की टाकणारा कोण हे आलंच. ‘पुढेही करायची आहेत’ हे वाक्य काढू नका, कारण राजीनाम्याची शंका तेच एक वाक्य घालवतं. शिवाय मदतनीस देऊन विषय मिटवायची वाटही त्याने बंद होते, कारण काम कमी करा असं तुम्ही म्हणतच नाही. ‘पद आणि पगार मात्र त्याआधीच्या कामाप्रमाणेच आहेत’ ही मेलमधली सगळ्यात टोकदार ओळ आहे आणि तिला विशेषण एकही नाही. तिथे ‘अजूनही’ घातलंत तर ती तक्रार होते, ‘दुर्दैवाने’ घातलंत तर रडगाणं.

दोन वेळा दिल्यात की सरांना फक्त निवडायचं असतं. ‘तुमच्या सोयीनुसार कधीही’ लिहिलं तर ती सोय महिनाभर येत नाही. जागेचा उल्लेख काचेच्या केबिनमुळे. बाहेर बसलेल्यांना आवाज येत नसला तरी चेहरे दिसतात, आणि तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये चर्चा सुरू होते. ‘भेट होईपर्यंत’ हे शब्दही ठेवा. कायमचं गुप्त ठेवा असं म्हटलंत तर सरांना शेठशी बोलायलाच अडचण.

काय नाही हेही बघा. सोडून गेलेल्या सिनिअरचा पगार नाही. तुम्हाला तो कळला असेल, पण लिहिलात की पुढचा प्रश्न ‘कुणी सांगितलं’ हाच येतो. दुसऱ्या कंपनीची ऑफर नाही. ती खरी असेल आणि तुम्ही खरंच जाणार असाल तर तो वेगळा मेल. आणि घरच्या ओळखीचा वास कुठेही नाही. सर देवळात किंवा बाजारात भेटले तर पालखीबद्दल, पावसाबद्दल बोला, याबद्दल नको. काकांनी सरांच्या कानावर घालणं तर अजिबात नको, त्याने तुमचा मुद्दा कामाचा न राहता वशिल्याचा होतो.

उत्तर काय येतं त्यावर पुढे

पाच कामाचे दिवस काहीच आलं नाही तर त्याच मेलवर एक ओळ : ‘सर, वरच्या भेटीसाठी पुढच्या आठवड्यात मंगळवार किंवा बुधवार जमेल का?’ व्हॉट्सअॅपवर फार तर ‘सर, तुम्हाला एक मेल केला आहे, वेळ मिळाला की बघाल का’ एवढंच. विषय तिथे उघडायचा नाही. व्हॉट्सअॅपवर उत्तर एका अंगठ्यात येतं आणि तो अंगठा हो होता की बघितलं होतं हे कुणालाच कळत नाही.

‘दिवाळीनंतर बघू’ असं आलं तर वाद नको. ‘चालेल सर. निर्णय दिवाळीनंतर झाला तरी चालेल, पण जबाबदाऱ्यांबद्दल आत्ता पंधरा मिनिटं बोललो तर तोपर्यंत मला दिशा राहील’ असं लिहा. निर्णय पुढे गेला तरी भेट पुढे जाऊ द्यायची नाही.

सगळ्यात अवघड उत्तर असतं, ‘तुझी अपेक्षा मेलवर कळव, मी शेठना पाठवतो.’ तेव्हा एकदा टाळून बघा : ‘आकड्याआधी भूमिकेबद्दल तुमच्याशी बोलले तर तो नीट सांगता येईल.’ तरीही मागितला तर द्या, आणि एकच द्या. ‘२३ ते २६ हजार’ असं लिहिलं की समोरच्याला २३च दिसतात.

आकडा ठरवताना एक खड्डा

आणि तो तुमच्या पगारात बरोबर समोरच आहे. ईएसआयसाठी धरला जाणारा पगार महिना २१,०००च्या वर गेला की त्या योजनेतून माणूस बाहेर पडतो. तुमच्या बाबतीत हिशेब साधारण असा असणार : ग्रॉस २०,५००, त्यात पीएफसाठी धरलेलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता १४,००० असेल तर १२ टक्क्यांनी पीएफ १,६८०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १५४, हातात १८,६६६. व्यवसाय कर तुम्हाला लागत नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे.

आता शेठ खुश होऊन म्हणाले, २२,००० करू. दीड हजाराची ग्रॉस वाढ. मूळ वेतन १५,००० धरलं तर पीएफ १,८००, ईएसआय शून्य, हातात २०,२००. म्हणजे महिन्याला १,५३४ रुपये जास्त, पण ज्या योजनेत तुमच्यासकट घरच्या अवलंबितांचेही उपचार होतात ती गेली. त्याच तोडीचा आरोग्य विमा स्वतः काढायला गेलात, आणि घरात आई-वडील असतील, तर वाढीतला मोठा भाग तिथेच जाईल. त्यामुळे २१,०००च्या जरा वरचा आकडा तुमच्यासाठी सगळ्यात वाईट. एक तर २५,०००च्या जवळ मागा, नाही तर वाढीसोबत कंपनीने गट आरोग्य विमा द्यावा असं मागा. दुसरी मागणी वाटते तेवढी जड नाही. कंपनी आत्ता तुमच्यासाठी ईएसआयला सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ६६६ रुपये भरते. तुम्ही बाहेर पडलात की ते वाचतात, आणि सरांना शेठसमोर मांडायला हा मुद्दा सोपा जातो.

ईएसआयच्या वर्गणीचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. वाढ ऑगस्टपासून लागू झाली तर वर्गणी सप्टेंबरअखेर कापली जाते, आणि त्या सहामाहीवरचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनला मिळतात. म्हणून विम्याची सोय करायला वेळ मिळतो, पण तारीख लक्षात ठेवावी लागते. कुठले भत्ते त्या २१,०००त धरायचे हे पगाराच्या रचनेवर अवलंबून असतं. भेटीआधी आपलं पगारपत्रक घेऊन अकाउंट्सला ‘हा ईएसआय कशावर कापला’ एवढंच विचारा. कारण सांगायची गरज नाही.

तुलनेसाठी मुंबई-पुण्याचे आकडे आणू नका. तिथलं भाडं आणि प्रवास वजा केला तर ते लागूच पडत नाहीत, आणि शेठना हे उत्तर पाठ असतं. मिरजोळे किंवा लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी इन्चार्जसाठी सध्या जाहिरातीत काय देतात तेवढं बघा. तुमची जागा भरायची तर कंपनीला तेवढेच मोजावे लागतील.

पदाबद्दल

पैसे नाही जमले तर पद देऊ, असं बऱ्याचदा होतं. नुसतं नाव घेऊ नये असं माझं मत नाही. पुढच्या नोकरीत ‘क्यूसी इन्चार्ज’ हे नाव उपयोगी पडतं. पण नावासोबत काय येतं ते भेटीत विचारून घ्या. अन्नसुरक्षा कायद्यात कंपनी आपल्या वतीने एका माणसाला जबाबदार म्हणून नेमू शकते, त्यासाठी फॉर्म ९ भरतात. सिनिअर त्यावर होते आणि आता तिथे तुमचं नाव घालायचं ठरलं, तर मालाबद्दल खटला झाल्यास तुमचंही नाव येतं. ही सही इन्चार्जच्या पगाराशिवाय करू नका, आणि मधल्या काळात ‘तात्पुरती कर’ म्हणून तर नकोच. विचारायचं कसं, तर सरळ : ‘इन्चार्ज म्हणून फॉर्म ९ वर माझं नाव असणार आहे का?’ आवाज चढवायची गरज नाही, प्रश्नातच सगळं आहे.

भेटीनंतर त्याच दिवशी

त्याच मेलच्या खाली उत्तर म्हणून चार ओळी टाका : ‘सर, आज वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. मला समजलं ते असं : क्यूसी इन्चार्ज हे पद ऑगस्टपासून, पगाराबद्दल तुम्ही शेठशी ३१ जुलैपर्यंत बोलणार, आरोग्य विम्याची माहिती अकाउंट्स देणार. यात काही राहिलं किंवा चुकलं असेल तर सांगा.’ शेवटचं वाक्य हवंच, नाहीतर हा मेल पुराव्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो. आणि तारीख न ठरता उठला असाल तर ती इथे तुम्ही लिहायची : ‘मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विचारलं तर चालेल का?’

निर्णय झाला की पत्र मागा, आणि पत्रात वाढ कुठल्या तारखेपासून ते बघा. तोंडी ‘जुलैपासून’ ठरतं आणि पत्र ऑक्टोबरपासूनचं निघतं, हे नेहमीचं आहे. फरकाची रक्कम मिळणार असेल तर तीही पत्रात असावी. पत्र हातात येईपर्यंत लॅबमध्ये कुणाला पेढे देऊ नका.